गुपित फोटोच्या पाठीवर नको

प्रिय,

तुझी कथा दोनदा वाचली. सत्तरी ओलांडलेले दोन मित्र, माळ्यावर सापडलेला शाळेचा ग्रुप फोटो, दोघंही विसरलेलं एक गुपित. सगळं मनाला भिडलं. पण ते फोटो उलटतात आणि मागे चार ओळी सापडतात, तिथे मी अडलो. त्या काळी वर्गाचा फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून मिळायचा. त्याची पाठ कुणाला दिसायचीच नाही.

गुपित समोरच ठेव. त्यासाठी असा फोटो विटतो कसा ते समजून घे. कागदावर चित्र उमटल्यावर हायपोच्या द्रावणात ते पक्कं करायचे, आणि मग तो हायपो निघून जावा म्हणून वाहत्या पाण्यात तासभर धुवायचे. धुणं कमी पडलं की कागदात उरलेला हायपो वर्षानुवर्षं चित्रातली चांदी खातो आणि फोटो पिवळट तपकिरी होतो. तुझा फोटो 1973 च्या मार्चमधला, म्हणजे 72 च्या दुष्काळातला. पिण्याचं पाणी मिळेना, तिथे फोटोग्राफर धुवायला किती वापरणार? हे एक वाक्य कथेत आलं तर फोटो का विटला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता पुढचं बघ. उजळ भागात चांदी मुळातच थोडी असते, म्हणून चेहरे आणि पांढरे सदरे आधी पुसट होतात. गडद भाग टिकतो. मग तुझ्या नायकाला स्वतःचा चेहरा ओळखू येणार नाही, पण सदऱ्याच्या खिशावरचा काळ्या शाईचा डाग दिसेल. मित्र भिंग घेऊन बघेल आणि म्हणेल, ‘‘अरे, हा डाग तर माझ्या पेनाचा.’’ पुठ्ठ्यावर छापलेल्या नावांखाली ‘गैरहजर’ म्हणून त्याचंच नाव असेल. त्या दिवशी ताप आल्याचं त्याने सांगितलं होतं. गुरुजींनी मात्र नायकाला सकाळी एक धुतलेला सदरा दिला होता, कुणाचा ते न सांगता. मित्राकडे गणवेशाचा तो एकच सदरा होता.

यानंतर दोघांना फार बोलायला लावू नकोस. तुझ्या मसुद्यात नायक रडतो आणि पानभर आभार मानतो. ते काढ. त्या वयाचे, त्या गावातले पुरुष असे आभार मानत नाहीत. तो फार तर विचारेल, ‘‘मग ताप?’’

आणि एक चूक दुरुस्त कर. तू ‘दहावीचा वर्ग’ लिहिलंयस. 1973 मध्ये मॅट्रिक अकरावीला होती, दहावीची परीक्षा 1975 पासून सुरू झाली. माझ्या वयाचा वाचक पहिल्याच ओळीत थबकेल.

दुसरा खर्डा दिवाळीआधी पाठव. हाताने लिहिलास तरी चालेल, फक्त समास सोड.

तुझे,
सर