थायरॉईड मंद असताना व्यायाम: किती आणि कधी अपेक्षावे

“गोळी रोज घेते, आठवड्यातून पाच दिवस घाम गाळते, मोजून जेवते, तरी वजन हलत नाही आणि दुसऱ्या दिवशी अंग उचलत नाही. माझं वजन आता कधी कमी होणारच नाही का?”

होईल, मात्र त्याचा हिशेब गोळी सुरू झाल्याच्या दिवसापासून नव्हे, तर टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंद असताना रक्तात वाढणारे संप्रेरक, स्थिर झाल्यापासून करावा लागेल. हा प्रश्न विचारणाऱ्या अडतीस वर्षांच्या ताईंचे वजन ७४ किलो होते आणि वर्षभर गोळी घेऊनही टीएसएच ९.८ होते. चौकशीत कळले की त्या सकाळच्या गोळीबरोबरच कॅल्शियमची गोळीही घेत होत्या. कॅल्शियम आणि लोह थायरॉईडच्या औषधाचे शोषण अडवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. डॉक्टरांनी मात्रा तीच ठेवून कॅल्शियम रात्री घ्यायला सांगितले आणि आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली. हे औषध रक्तात हळूहळू साचते, त्यामुळे सहा आठवड्यांच्या आत केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते.

त्या काळात मी त्यांचा व्यायाम कमी केला, आणि त्यांना हेच सर्वांत जड गेले. थायरॉईडचे संप्रेरक कमी असताना स्नायू आकुंचनानंतर सावकाश सैल होतात आणि त्यांची झीज भरून यायलाही वेळ लागतो. म्हणून वजनांचा व्यायाम आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवस सोडून, आणि प्रत्येक सेट आणखी दोन-तीन आवर्तने सहज करता येतील अशा टप्प्यावर थांबवायचा, असे ठरले. उरलेल्या दिवशी बोलता येईल इतक्या वेगाने चालणे. दुखणे तीन दिवसांनंतरही टिकले, किंवा मागच्या वेळी उचललेले वजन या वेळी उचलवेना, तर पुढचे सत्र हलके करायचे.

टीएसएच ३.१ वर आल्यावर त्यांचा आहार ११०० कॅलरींवरून वाढवून रोजच्या खर्चापेक्षा सुमारे ३०० कॅलरींनी कमी, इतकाच ठेवला, कारण फार कडक उपासमारीत शरीर टी३ हे थायरॉईडचे संप्रेरक आणखी घटवते. या तुटीचे गणित महिन्याला एक किलोच्या आसपास जाते. शरीरातील पाणीच किलोभर वरखाली होत असल्याने दोन आठवड्यांत हा फरक काट्यावर दिसेलच असे नाही. म्हणून आठवड्याची सरासरी काढून ती मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडायची, सोबत कंबरही मोजायची. थायरॉईडमुळे वाढलेले वजन बहुधा दोन ते पाच किलोच असते आणि त्यातला बराचसा भाग पाणी व क्षार यांचा असतो, हे त्यांना आधी कोणी सांगितले नव्हते. सगळी वाढ गोळीनेच उतरेल अशी त्यांची समजूत होती.

अहवाल ठीक येऊनही थकवा राहिला, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२ आणि झोप यांकडे डॉक्टरांसह पाहावे. मात्रा स्वतःहून वाढवू नये; जादा औषधाने छातीत धडधड होते आणि चरबीबरोबर स्नायू व हाडेही झिजतात.