मेलची पीडीएफ करताना आधी पानं लावा, पेपरक्लिप शेवटी

प्रश्न: आमच्या ऑफिसात जुने मेल .eml फाइल म्हणून सेव्ह करून ठेवलेत. रेकॉर्डला लावायला त्यांच्या पीडीएफ करायच्या आहेत, पण अटॅचमेंटसकट. एकगठ्ठा करायचा फुकट मार्ग आहे का?

उत्तर:

एकगठ्ठा करून देणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण ती नेमकं काय करतात हे दोन-चार मेलवर बघितल्याशिवाय सगळा गठ्ठा त्यांच्या हवाली करू नका. आणि कुठल्या तरी अनोळखी वेबसाइटवर ऑफिसचे मेल चढवून पीडीएफ उतरवून घ्यायचा विचार असेल, तर तो आत्ताच सोडा. गिऱ्हाइकांची पत्रं, बँकेचे तपशील, सह्यांचे स्कॅन फुकटात कोणाच्या तरी सर्व्हरवर नेऊन ठेवायचे, याला रेकॉर्ड करणं म्हणत नाहीत.

मी हर्णै बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात पत्रव्यवहार बघतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यात आमच्या शेडचे पत्रे गेले आणि छपराची कैचीही वाकली. पुढे विम्याचा क्लेम. वीज नाही, रेंज कधी येई कधी जाई, त्यामुळे सर्व्हेअरशी सगळं बोलणं मेलवर, तेही रात्री-अपरात्री नेट मिळेल तेव्हा. फाइल लावायचं काम आमच्या अण्णांकडे. अण्णा म्हणजे जुने अकाउंटंट, हाताखाली मोडलेली माणसं किती ते सांगत नाही. त्यांची पद्धत अशी की मेल उघडायचा, प्रिंट दाबायचं, पीडीएफ म्हणून सेव्ह करायचं आणि तिला आवक नंबर द्यायचा. मी त्याच वेळी प्रत्येक मेलची `.eml` वेगळ्या फोल्डरात ठेवत होतो, त्यावरून आमचे खटके उडायचे. "छापलंय ना? मग झालं. त्या फाइली उद्या उघडणार कोण?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

क्लेम बराच रेंगाळला आणि मग विमावाल्यांकडून पत्र आलं की तुमचं एस्टिमेट एकच मिळालंय, कमी रकमेचं. सुधारित एस्टिमेट त्यांच्याकडे नाही म्हणे. अण्णांनी फाइल काढली. दोन्ही मेलच्या पीडीएफ होत्या, नंबरासकट. पहिल्याच्या तळाशी लिहिलेलं `estimate.xlsx 41 KB`, दुसऱ्याच्या तळाशी `estimate.xlsx 46 KB`. बस, एवढंच. फाइलचं नाव आणि वजन. आत काय होतं ते कुठल्याच पानावर नाही, कारण मेल प्रिंट केला की मजकूर छापला जातो आणि अटॅचमेंटचं फक्त नाव येतं. तोवर जुना कॉम्प्युटर फॉरमॅट झालेला आणि मेलबॉक्स भरला म्हणून शेठच्या भाच्याने जुने मेल उडवलेले. माझ्या फोल्डरातल्या दोन `.eml` उघडल्या तेव्हा दोन्ही एस्टिमेटं जशीच्या तशी निघाली. दुसऱ्यात कैचीच्या दुरुस्तीच्या ओळी जास्त होत्या, भांडण त्याच रकमेचं होतं.

तुमच्याकडे `.eml` आहेत, म्हणजे खरा माल शाबूत असण्याची शक्यता मोठी. पण खात्री करून घ्या. `.eml` नोटपॅडमध्ये उघडते. वर पाठवणारा, तारीख वगैरे हेडर, मग मजकूर, आणि खाली पानंच्या पानं निरर्थक अक्षरं दिसतात. ती अक्षरं म्हणजेच अटॅचमेंट. या रूपात फाइल मूळच्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून मेलमध्ये ३ एमबीचे फोटो आहेत असं लिहिलंय आणि `.eml` मात्र १२ केबीची आहे, तर आत फोटो नाहीत हे न उघडताही कळतं. जीमेलवरून २५ एमबीच्या वरचं काही पाठवलं की ते ड्राइव्हची लिंक म्हणून जातं, तिथे हमखास असं होतं. लिंक जिवंत आहे तोवर ती फाइल उतरवून घ्या, कुठलाही कन्व्हर्टर ती आणून देणार नाही.

आता पीडीएफ. अटॅचमेंट दोन तऱ्हांनी ठेवता येते: तिची पानं करून मेलच्या मागे लावायची, किंवा मूळ फाइल जशीच्या तशी पीडीएफच्या पोटात घालायची, जी अॅडोबी रीडरमध्ये पेपरक्लिपखाली दिसते. लोक यातलं एक निवडतात, मी दोन्ही करतो. पोटातली फाइल क्रोममध्ये किंवा मोबाइलवर बहुधा दिसतच नाही. शेठ फोनवर पीडीएफ उघडणार आणि "यात काहीच नाही" म्हणणार. नुसती पानं ठेवली तर एक्सेलमधली सूत्रं जातात, फोटो कधी काढला ती आतली नोंदही जाते.

मी करतो ते असं. प्रत्येक मेलला स्वतंत्र फोल्डर. हे कंटाळवाणं आहे, पण आमच्यासारखी दोन `estimate.xlsx` एका फोल्डरात उतरवली की एक दुसरीवर बसते किंवा तिचं नाव बदलतं, आणि मग कुठली कुठल्या मेलची ते कोण सांगणार? `.eml` थंडरबर्ड या फुकट मेल-प्रोग्राममध्ये उघडायची, मजकुराची पीडीएफ काढायची, अटॅचमेंट सगळ्या त्या फोल्डरात सेव्ह करायच्या. वर्ड, एक्सेल, फोटो यांच्या पीडीएफ करायच्या.

एक्सेलपाशी थांबा. आमचं एस्टिमेट सरळ पीडीएफ केलं तेव्हा पत्रे, जे-हुक, मजुरी अशी नावं पहिल्या पानावर आली आणि जीएसटी व एकूण रकमेचे रकाने तिसऱ्या पानावर गेले. तिसऱ्या पानावर नुसते आकडे, कशाचे ते नाही. एका रकान्यात तर `####` आलं, कारण रुंदी पुरली नव्हती. प्रिंटच्या सेटिंगमध्ये `Fit All Columns on One Page` निवडायचं, रकाने रुंद करायचे, लपवलेले रकाने आणि बाकीच्या शीट बघून घ्यायच्या. एकगठ्ठा करणारं सॉफ्टवेअर यातलं काही बघत नाही, माझा आक्षेप मुख्यतः इथे आहे.

मग जोडणी. मी `qpdf` वापरतो, फुकट आहे, कमांडवर चालतं:

```
qpdf --empty --pages mail.pdf estimate.pdf photo.pdf -- paane.pdf
qpdf paane.pdf --add-attachment mul.eml -- --add-attachment estimate.xlsx -- nond.pdf
qpdf --list-attachments nond.pdf
```

पहिली ओळ पानं एकामागे एक लावते. दुसरी मूळ `.eml` आणि एक्सेल पोटात घालते. एकट्या `.eml` मध्ये सगळं असतंच, पण एक्सेल वेगळं घातलं की बघणाऱ्याला थंडरबर्ड लागत नाही. तिसरी ओळ पोटात काय आहे त्याची यादी देते, ती न बघता फाइल रेकॉर्डला जाऊ देऊ नका. क्रम उलटा केलात तर फसाल: आधी पोटात फाइली घालून मग अशाच रीतीने पीडीएफ एकत्र केल्या, तर पोटातलं सगळं गळतं, एरर न येता. तीच पीडीएफ कोणी "साइज कमी करायला" पुन्हा प्रिंट करून सेव्ह केली तरी तेच. आमच्या अण्णांना साइज कमी करायची भारी हौस, म्हणून तयार फाइल मी आता रीड-ओन्ली करून ठेवतो.

अजून एक गोष्ट, हिच्यावरून आमच्यावर संशय घेतला गेला. सुधारित एस्टिमेटच्या मेलमध्ये हेडर असं होतं:

```
Date: Tue, 14 Jul 2020 01:10:22 +0530
```

म्हणजे १४ जुलैची रात्री एक वाजून दहा मिनिटं, आपल्या वेळेने. शेठच्या भाच्याने हौसेने एका फुकट्या कन्व्हर्टरने केलेल्या पीडीएफवर मात्र १३ जुलै, १९:४० छापलेलं. कन्व्हर्टरने वेळ साडेपाच तास मागे नेऊन जागतिक वेळेत लिहिली आणि तसं कुठे म्हटलंही नाही. सर्व्हेअरकडच्या मेलवर तारीख १४, आमच्या पीडीएफवर १३, लगेच "तारीख बदललीत का" असं पत्र. मूळ हेडर दाखवल्यावर ते मिटलं. थंडरबर्ड कॉम्प्युटरच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवतो, तेव्हा घड्याळाचा टाइम झोन बरोबर असू द्या. तुमच्याकडे ३१ मार्चच्या आसपासचे मेल असतील तर पहाटे साडेपाचच्या आतले आधी तपासा, तिथे आर्थिक वर्षच बदलतं.

आता थोडं हात राखून. चारशे-पाचशे मेल असतील आणि बरेचसे "पाठवलं, मिळालं" एवढेच असतील, तर अटॅचमेंट नसलेले वेगळे काढून ते खुशाल एकगठ्ठा करा. `Content-Disposition: attachment` हे शब्द `.eml` मध्ये शोधले की बहुतेक वेगळे निघतात. सहीखालचे लोगोही कधी त्यात येतात, ते डोळ्यांनी गाळायचे. पासवर्डच्या पीडीएफ पासवर्डशिवाय मागे जोडता येत नाहीत, त्या नुसत्या पोटात ठेवून पासवर्ड कुठे आहे ते नोंदवा. झिप पोटात घालू नका, अॅडोबी रीडर ती उघडू देत नाही. आधी सोडवून आतल्या फाइली घाला. मराठी मजकुराच्या जागी चौकोन आले तर कन्व्हर्टरला देवनागरी फॉन्ट मिळालेला नाही.

पीडीएफ झाली म्हणून `.eml` उडवायच्या नाहीत, हा माझा आणि अण्णांचा अजून न मिटलेला वाद आहे. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमधूनच निघणारा तिच्या अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, लिहावी लागते. ती मूळ फाइलची असलेली बरी. पीडीएफ ही आपण बनवलेली वस्तू, कोणीही विचारेल की बनवताना काय केलंत. विंडोजमध्ये हॅश अशी निघते:

```
certutil -hashfile mul.eml SHA256
```

ती मी आवक रजिस्टरमध्ये नंबरासमोर लिहितो. अण्णा म्हणतात रजिस्टर घाण झालं. तुमच्या गठ्ठ्यात आउटलुकच्या `.msg` फाइली निघाल्या तर मात्र थंडरबर्ड त्या उघडणार नाही, त्या आउटलुकमध्येच उघडून बाकी सगळं वरच्यासारखं करायचं.