कुठपर्यंत, ते लिही

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू दांडिया बाजारात घरी येऊन गेलीस, चहा तसाच ठेवलास आणि हाताखालच्या पोराला पाठवलेला फोनवरचा तो मेसेज मला दाखवलास. "खोक्यांचं बघून घे प्लीज, लवकर हवेत." मी तेव्हा काही बोललो नाही, कारण तुझे डोळे भरून आले होते आणि तुझी काकू शेजारीच बसली होती. आता लिहितो. लिहिताना मला कोणी मध्ये थांबवत नाही.

तू म्हणालीस, "त्याने मला एकदा विचारायला नको का?" मी विचारतो, कशाबद्दल विचारायचं हे त्याला कोणी सांगितलं होतं? सहा पॅनल परदेशी जायचे. पोरगा बाविशीचा, मकरपुऱ्याच्या कारखान्यात लागून चार महिने झालेले. खोकेवाल्याने त्याला दोन भाव सांगितले, आणि उष्णता प्रक्रिया केलेल्या लाकडाचे खोके महाग, वर दोन दिवस जास्त. तुझ्या मेसेजात 'लवकर' एवढाच शब्द, म्हणून त्याने लवकरचे आणि स्वस्तातले घेतले. त्याला वाटलं, ताई खूश होतील. मग माल जहाजापर्यंत पोचवणाऱ्या फॉरवर्डरच्या माणसाने खोके बघून विचारलं, शिक्का कुठाय? आणि जहाज चुकलं.

लाकडाच्या आतल्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियस, सलग 30 मिनिटं, म्हणजे किडे मरतात. ते झाल्याची खूण म्हणून गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. हे तुला पाठ आहे. त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते ठीकच आहे. पण आपण कुठपर्यंत ठरवायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते तुझ्यावर आहे.

रागावू नकोस. मी याच्या उलट टोकाची चूक केली आहे. 1996 सालची गोष्ट. पाण्याच्या पंपाची 30 एचपीची मोटर जळाली. मी पुण्याला लग्नाला निघालो होतो. जाताना एका पोराला म्हणालो, "मोटर रिवाइंड करून घे, सोमवारी पंप चालू पाहिजे." काय हवं आणि कधी हवं, दोन्ही सांगितलं होतं, आजही छातीठोकपणे सांगेन. वायंडरने मोटर उघडली आणि म्हणाला, बेअरिंगही गेल्यात, साडेतीन हजार वेगळे पडतील. पोरगा अडला. मोबाइल नव्हता, लग्नघराचा नंबर त्याच्याकडे नव्हता. तो दोन दिवस माझी वाट बघत बसला आणि मोटर वायंडरकडे तशीच पडून राहिली. साडेतीन हजारांपायी प्लांट दोन दिवस बंद. मी परत आलो तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये तो उभा होता. साहेब त्याला बोलत होते, आणि मी गप्प राहिलो. नंतर मनाची समजूत घातली की एवढी अक्कल त्याला असायला हवी होती. थोडी असायला हवीही होती! पण "पाच हजारांपर्यंत तू ठरव" हे चार शब्द मी लिहिले असते तर अकलेची परीक्षाच झाली नसती.

तुझा पोरगा हद्द ओलांडून गेला, माझा हद्दीच्या पुष्कळ अलीकडे थांबला. दोघांना हद्द दाखवलेलीच नव्हती. म्हणून सांगतो, कुठपर्यंत, ते लिही. काम काय, कधीपर्यंत, हे माणूस कसंबसं लिहितो. कुठपर्यंत हे लिहायचं राहतं, कारण ते लिहिताना आपल्या हातातलं काहीतरी सोडावं लागतं.

आता तू म्हणतेस, या वेळचे खोके मी स्वतःच आणते. अजिबात नाही. त्याच पोराला दे, आणि असं लिहून दे:

"सहा पॅनलसाठी सहा खोके. सगळं लाकूड उष्णता प्रक्रिया केलेलं, आणि प्रत्येक खोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर शिक्का स्पष्ट वाचता आला पाहिजे. गुरुवारी दुपारी चारपर्यंत आपल्या गेटच्या आत उतरलेले हवेत. शुक्रवारी सकाळी नऊला पॅकिंगची माणसं येणार आहेत.
खोकेवाला तू निवड. एकूण साठ हजारांपर्यंत तूच ठरव, मला विचारू नकोस. आतलं माप पाच सेंटिमीटरपर्यंत वाढलं तर चालेल, ठरव आणि नंतर कळव. माप कमी करायचं असेल, लाकूड, शिक्का किंवा वेळ बदलायची असेल, तर आधी मला फोन. मी उचलला नाही तर स्टोअरच्या भाईंना विचार, ते म्हणतील ते मला मान्य.
सोमवारी संध्याकाळी सहाला ऑर्डर दिल्याचं कळव. मंगळवारी पहिला खोका तयार झाला की शिक्क्याचा फोटो पाठव, त्यानंतरच बाकीचे बनवू दे."

बघ, 'खोके मागव' असं कुठेही नाही. गुरुवारी चार वाजता गेटच्या आत काय दिसलं पाहिजे, ते आहे. 'लवकर' नाही, वार, वेळ आणि त्या वेळेचं कारण आहे. कारण कळलं की उशीर होतोय असं दिसताच फोन का करायचा, हे त्याचं त्याला कळतं.

मधल्या भागात विचारू नकोस, नंतर कळव, आधी विचार, अशा तीन पायऱ्या आहेत. लोक पहिली आणि तिसरी लिहितात. मधली विसरतात, आणि निम्मे फोन तिच्यापायीच येतात. तिसऱ्या पायरीला तुझ्या गैरहजेरीत कोण, हेही लागतंच. माझा पुण्याचा अनुभव वर सांगितलाच.

चौकशी रोज करू नकोस. जिथे चूक अजून स्वस्तात सुधारते तिथेच कर. पहिल्या खोक्याला शिक्का नसेल तर एक खोका वाया जातो, सहावा झाल्यावर कळलं तर सहाही. माझ्या मोटरीतही तशी एक जागा होती. जुनी वायंडिंग काढली की आतला गाभा जळालाय का ते दिसतं, आणि बेअरिंगही तेव्हाच हाताशी असतात. त्या घटकेचा एक फोन मी आधीच ठरवून ठेवायला हवा होता.

मेसेज पाठवून झालं असं समजू नकोस. "तू काय काय स्वतः ठरवणार आहेस, मला लिहून पाठव" असं त्याला सांग. "ओके ताई" आलं तर परत पाठव. कदाचित तो विचारेल, प्लायवूडचे चालतील का? त्याला हा शिक्का लागत नाही, पण खाली साध्या लाकडाच्या दांड्या ठोकल्या तर त्यांना लागतो. विचारलं तर बरंच, हद्द कळल्यावरच असे प्रश्न सुचतात. आणि साठ हजारांचं अकाउंट्सला आजच सांगून ठेव. नाहीतर तो बिल घेऊन जाईल आणि तिथला माणूस म्हणेल, मॅडमची सही आण. मग तुझं लिहिणं फुकट.

तू म्हणशील, काका, एवढं लिहीत बसले तर काम कधी करू? हे मलाही पस्तीस वर्षं वाटत होतं. दहा मिनिटं लागतात. जहाज चुकल्यावर तू किती फोन केलेस ते मोज.

आता अवघड भाग. तो अठ्ठावन्न हजारांत करून येईल, आणि तुला पन्नासात करणारा माणूस माहीत असेल. गप्प बस. तू एकदा जरी "अरे, मला विचारायचं ना" म्हणालीस, तर लिहिलेले साठ हजार त्याच क्षणी शून्य झाले. पुढच्या वेळी तो साडेतीन हजारांसाठीही थांबेल. या जागी मी स्वतः कितीदा घसरलो ते तुझ्या काकूला विचार, घरच्या भाजीपासून सुरुवात होईल.

आणि आधी त्या पोराला सांग की गेल्या वेळचा मेसेज अपुरा होता. मोठ्या सरांसमोरही सांग. मी 1996 मध्ये सांगितलं नाही. तो पोरगा पुढे नोकरी सोडून गेला, त्याचा पत्ताही माझ्याकडे नाही.

मेसेज पाठवण्याआधी मला दाखवायचा की नाही, ते तूच ठरव.

तुझा,
काका