एक्झॉस्ट फॅन हळू फिरतोय? आधी हाताने फिरवून बघा

नवीन मोटर घेण्याची घाई करू नका. प्लग काढा आणि पात्यांवरचा चिकट थर कोमट साबणाच्या पाण्याने साफ करा. मोटरवर पाणी जाऊ देऊ नका. मग पातं बोटाने ढकला.

सहज फिरून हळूहळू थांबलं, पण चालू केल्यावर फॅन नुसता गुणगुणतो किंवा रेंगाळतो? मग बहुतेक कपॅसिटर कमजोर झालाय. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरड आणि व्होल्टेजचाच नवा बसवा. वेग वाढेल म्हणून मोठा टाकणं ही नवख्यांची नेहमीची चूक. त्याने मोटर तापते.

लगेच अडकलं, खरखरलं किंवा शाफ्ट आडवा हलला, तर बेअरिंग झिजलीय. तिथे खाद्यतेल अजिबात सोडू नका, ते चिकट होऊन बसतं. बेअरिंगच बदला.