इटलीत भाड्याची गाडी: फ्रांकीजा, पेट्रोल आणि दुसरा चालक

प्रश्न: फ्लॉरेन्स विमानतळावरून ६ दिवसांसाठी गाडी बुक करतोय. विमा किमतीतच आहे म्हणतात, मग Franchigia 1.400,00 € कसली? Azzeramento franchigia साठी रोज १४ युरो जादा, ते घ्यावं का? Pieno/Pieno म्हणजे काय? बायकोही चालवणार आहे, तिचं नाव घालायलाच हवं का?

उत्तर: आधी तो आकडा नीट वाचा. इटलीत हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम देतात, म्हणजे ही रक्कम एक युरो चाळीस सेंट नाही, चौदाशे युरो आहे.

किमतीत जो विमा आहे त्यात दुसऱ्याच्या गाडीचं किंवा माणसाचं नुकसान येतं, ते तिथल्या कायद्यानेच बंधनकारक आहे. भाड्याच्या गाडीच्या नुकसानीची तुमची जबाबदारी मात्र संपत नाही, फक्त मर्यादित होते. ती मर्यादा म्हणजे फ्रांकीजा. बंपर घासला आणि बिल ६०० युरो आलं, तर सगळे ६०० तुमचे. बिल ३,००० आलं तर तुमचे १,४००, बाकी कंपनीचे. चोरीसाठी बहुधा वेगळी फ्रांकीजा लिहिलेली असते, ती जास्तही असू शकते.

याच कारणाने गाडी देताना तुमच्या क्रेडिट कार्डावर अनामत अडकवतात, आणि Azzeramento franchigia, म्हणजे फ्रांकीजा शून्य करणारं जादा संरक्षण, घेतलं नसेल तर ती साधारण फ्रांकीजेएवढीच असते. चौदाशे युरो म्हणजे दीड लाखाच्या आसपास. तेवढी मोकळी मर्यादा कार्डात हवी, कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं हवं आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू केलेले हवेत. डेबिट कार्डावर विसंबू नका. बऱ्याच कंपन्या ते घेत नाहीत.

आता ते रोजचे १४ युरो. पहिला प्रश्न किमतीचा नाही, हे कोण विकतंय हा आहे. गाडीची कंपनी स्वतः विकत असेल, तर घासलेल्या बंपरचे पैसे तुमच्याकडून घेतलेच जात नाहीत आणि अनामतही कमी होते. सहा दिवसांचे ८४ युरो होतात. पण तुम्ही मध्यस्थ संकेतस्थळावर बुक करत असाल, तर तिथलं स्वस्त ‘संपूर्ण संरक्षण’ हे परतफेडीचं असतं. काउंटरवर त्याला काही किंमत नाही. कंपनी तुमच्या कार्डातून ६०० युरो कापते, अनामतही पूर्ण ठेवते. मग तुम्ही करारपत्र, नुकसानीची नोंद आणि कापलेल्या रकमेचा पुरावा मध्यस्थाकडे पाठवून पैसे मागायचे. दोन्ही घेणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. कार्डाची मर्यादा पुरेशी असेल आणि कागद सांभाळायची सवय असेल तर मी मध्यस्थाचं घेईन, नाहीतर कंपनीचं.

कुठलंही घेतलं तरी काय वगळलंय ते बघा. काचा, टायर आणि गाडीचा तळ अनेकदा ‘शून्या’तही येत नाहीत. फ्लॉरेन्सभोवतीच्या टस्कनीत द्राक्षमळ्यांकडे जाणारे पांढऱ्या खडीचे रस्ते खूप आहेत आणि तिथे इजा होते ती नेमकी टायर आणि तळाला.

Pieno/Pieno म्हणजे टाकी भरून घ्या, भरून द्या. हेच निवडा. कधीकधी भरलेली टाकी आधीच विकतात. उरलेल्या इंधनाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. समजा टाकी ४० लिटरची आहे आणि तुम्ही ४०० किलोमीटर फिरलात, तर छोट्या गाडीला २४-२५ लिटर पुरतात. बाकीचे पंधरा लिटर तुम्ही कंपनीला भेट दिलेत. परत करताना विमानतळाजवळ भरा, पावती ठेवा आणि इंधनाचा काटा व किलोमीटर एकत्र दिसतील असा फोटो काढा. पंपावर Fai da te म्हणजे स्वतः भरायचं, ते Servito पेक्षा स्वस्त पडतं. Benzina म्हणजे पेट्रोल, Gasolio म्हणजे डिझेल. ही अदलाबदल झाली तर विमा सहसा ते नुकसान घेत नाही, म्हणून टाकीच्या झाकणावरचं नाव वाचूनच नळी उचला.

बायकोचं नाव घालाच, ते Guidatore aggiuntivo या ओळीत येतं. करारात नाव नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर फ्रांकीजेची मर्यादाच उरत नाही, गाडीचं पूर्ण बिल तुमच्यावर येऊ शकतं. रोजचं शुल्क वाचवायला हा धोका घेऊ नका. ती काउंटरवर स्वतः हजर हवी. मूळ लायसन्स आणि आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना, दोघांचंही दोन्ही बरोबर ठेवा. सही करण्याआधी करारावर तिचं नाव खरंच छापलंय का ते तपासा. स्क्रीनवर खूण केली होती, पण काउंटरवरच्या माणसाने नाव घातलंच नाही, असंही होतं.