त्साइटगाइस्ट, वेल्टआनशाउंग आणि घटनेतलं कलम ४

प्रश्न: इंग्रजी लेखांत वेल्टआनशाउंग, त्साइटगाइस्ट असले जर्मन शब्द सारखे टाकलेले असतात. दोन्हींचा अर्थ शेवटी "जगाकडे बघायचा दृष्टिकोन" असाच ना? मग वेगळे शब्द कशाला? की नुसता भाव खायला?

भाव खाणं बऱ्याचदा असतंच, ते आधीच मान्य करतो. पण अर्थ एक नाही. मी पुण्यात जर्मन शिकलो आणि आता भाषांतराची कामं करतो, त्यामुळे या शब्दांवर चांगलाच आपटलेलो आहे, म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

सुरुवातीच्या काळात एका कामात जर्मन राज्यघटनेतला थोडा मजकूर मराठीत करायचा होता. १९४९ ची घटना, त्यातलं कलम ४. त्यात श्रद्धा आणि सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे आणि पुढे धर्माच्या जोडीला वेल्टआनशाउंगचं स्वातंत्र्यही अभंग आहे असं म्हटलंय. मी मस्तपैकी "दृष्टिकोनाचे स्वातंत्र्य" असं लिहून मोकळा झालो. तपासणाऱ्या बाईंनी लाल शाईत विचारलं, "दृष्टिकोन? चहात साखर किती घालावी याबद्दलही माझा दृष्टिकोन असतो, त्याला घटनेचं संरक्षण आहे का?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिथे तो शब्द धर्माच्या बरोबरीने बसवलाय, कारण त्याचा दावाच तेवढा मोठा आहे, की जग म्हणजे एकूण काय, माणूस त्यात कुठे बसतो आणि मग जगायचं कसं, हे सगळं एकसंध पकडणारी दृष्टी. देव न मानणाऱ्या मानवतावादी संघटना जर्मनीत याच शब्दाखाली मोडतात, म्हणजे धर्म नाही पण धर्माच्या जागी बसेल एवढं मोठं काहीतरी. एखाद्या करावरचं किंवा धरणावरचं तुमचं राजकीय मत कितीही ठाम असलं तरी तेवढ्याने ती वेल्टआनशाउंग होत नाही. शेवटी मी "जीवनदर्शन" लिहिलं, बाई अगदी खूश नव्हत्या पण चाललं.

गंमत म्हणजे शब्द जन्मला तेव्हा त्यात यातलं काहीच नव्हतं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० च्या त्याच्या तिसऱ्या मोठ्या ग्रंथात तो एकदाच, ओघात वापरलाय. आनशाउंग म्हणजे नुसतं बघणं, समोरची गोष्ट इंद्रियांना जशी भिडते तसं. रात्री गच्चीवर आडवं पडून आकाश बघताना डोळ्यांत एका वेळी थोडेच तारे मावतात, पण मन म्हणतं की मला सगळंच एकदम हवंय, अनंत असलं तरी अख्खं. कांट या ओढीबद्दल बोलतोय आणि तिथे वेल्टआनशाउंग म्हणजे डोळ्यांना दिसणारं जग, एवढंच (गच्ची माझी, कांटची नाही). पुढच्या पन्नासेक वर्षांत शब्द डोळ्यांतून निघून डोक्यात गेला, बघणं राहिलं बाजूला आणि मानणं आत शिरलं. आपल्याकडे "दर्शन" या शब्दाचंही असंच झालंय की, देवळात घेतो तेही दर्शन आणि सांख्य, न्याय हीही दर्शनंच. म्हणून मराठी माणसाला हा प्रवास इंग्रजांपेक्षा सोपा जावा असं मला वाटतं.

आता त्साइटगाइस्ट. इथे एक सोपी युक्ती सांगतो, शब्दाच्या आधी "माझं" लावून बघायचं. "माझी वेल्टआनशाउंग अशी अशी आहे" हे वाक्य जर्मनमध्ये अगदी सरळ आहे, माणूस ती बाळगतो, तिच्यासाठी भांडतो, कधी बदलतोही. "माझा त्साइटगाइस्ट" असं मात्र कोणी म्हणणार नाही, ते "माझा पावसाळा" म्हटल्यासारखं वाटेल. त्साइट म्हणजे काळ, गाइस्ट म्हणजे आत्मा किंवा वृत्ती, आणि तो मालकीचा असतो काळाच्या, तुमच्या आमच्या नाही. म्हणजे पहिला शब्द म्हणतो की तुमच्याकडे एक दृष्टी आहे, आणि दुसरा म्हणतो की तुम्हाला वाटतं तुम्ही बघताय पण खरं तर तुमचा काळ तुमच्या डोळ्यांतून बघतोय. दोन्ही दावे एकाच माणसाबद्दल एकाच वेळी करता येतात, पण एक नव्हेत.

हेर्डर या जर्मन विचारवंताने १७६९ मध्ये क्लोत्स नावाच्या एका लॅटिन पंडितावर तुटून पडताना हा शब्द वापरला, आणि त्यालाही त्यात काळाचा जाच दिसत होता. पण तो दावा घट्ट केला तत्त्वज्ञ हेगेलने. १८२० मध्ये लिहिलेल्या एका प्रस्तावनेत तो म्हणतो की प्रत्येकजण आपल्या काळाचं अपत्य असतो, तत्त्वज्ञानही आपलाच काळ विचारात पकडलेला, आणि कुणाला वाटत असेल की आपण आपल्या काळावरून उडी मारून पलीकडे जाऊ तर ते खुळेपणाचं आहे. (हेगेल बहुतेक वेळा जोडशब्द न वापरता "काळाचा आत्मा" असं फोडून लिहितो, पण मुद्दा तोच.)

मग माझ्यासारखा खवचट माणूस विचारणार की काळाबाहेर कुणीच जाऊ शकत नाही तर काळाचा आत्मा दिसला कुणाला? याचं उत्तर हेगेलच्या आधीच कवी गटेने देऊन ठेवलंय. १८०८ च्या त्याच्या फाउस्ट नाटकात वाग्नर नावाचा पुस्तकी मदतनीस मोठ्या कौतुकाने सांगतो की जुन्या काळांच्या आत्म्यात शिरण्यात काय आनंद आहे. फाउस्ट त्याला झाडतो, की बाबा, तुम्ही ज्याला काळांचा आत्मा म्हणता तो मुळात त्या विद्वान महाशयांचा स्वतःचाच आत्मा असतो, त्यात ते काळ नुसते प्रतिबिंब पाडून असतात. त्साइटगाइस्टवर यापेक्षा नेमकी टीका मला तरी माहीत नाही. कोणी लेखात "आजचा त्साइटगाइस्ट असा आहे" असं छातीठोक लिहिलं की मी आधी बघतो हा माणूस राहतो कुठे आणि उठतो बसतो कुणात. बहुतेकदा त्याच्या दहा मित्रांचा आत्मा निघतो. रोजच्या जर्मनमध्येही शब्दाला किंचित तुच्छतेचा वास आहे, "हा त्साइटगाइस्टच्या मागे धावतो" म्हणजे हा वारा येईल तशी पाठ फिरवणारा.

काही जण त्साइटगाइस्टला "युगधर्म" म्हणतात ते मला पटत नाही, कारण युगधर्मात त्या युगात काय करणं योग्य हे येतं आणि त्साइटगाइस्ट योग्य अयोग्य काहीच सांगत नाही, लोक काय गृहीत धरून चालतात एवढंच सांगतो. "काळाचा वारा" त्यापेक्षा जवळ जातं.

तुम्ही विचारला नाहीत पण तिसरा एक शब्द आहे, वेल्टआनझिश्त, त्याच्याशिवाय हे अर्धवट राहील, कारण इंग्रजीत यालाही आणि वेल्टआनशाउंगलाही एकाच शब्दात कोंबतात आणि घोळ होतो. हा शब्द भाषेबद्दल वापरला विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट या जर्मन भाषाभ्यासकाने. १८२० मध्ये बर्लिनच्या अकादमीत त्याने मांडलं की भाषांमधला फरक आवाजांचा आणि खुणांचा नाही, तो जगाकडे बघण्यातलाच फरक आहे. म्हणजे इथे मालक ना माणूस ना काळ, मालक आहे भाषा. आणि ही काही विचारसरणी नाही, मराठी बोलणारा आस्तिक आणि मराठी बोलणारा नास्तिक यांच्या वेल्टआनशाउंग दोन टोकांच्या असतील पण वेल्टआनझिश्त एकच.

यात आपल्याला रस वाटावा असं उदाहरण म्हणजे गीता. आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल या जर्मन संस्कृत पंडिताने १८२३ मध्ये गीतेचा संस्कृत पाठ आणि लॅटिन भाषांतर छापलं, आणि "योग" शब्दाला ठिकठिकाणी वेगवेगळे लॅटिन शब्द घातले. त्यावर एका फ्रेंच विद्वानाने टीका केली. आता श्लेगेल तरी काय करणार? दुसऱ्याच अध्यायात "समत्वं योग उच्यते" आहे आणि दोन श्लोक पुढे "योगः कर्मसु कौशलम्", वर पहिल्या अध्यायाचं नाव विषादयोग, म्हणजे अर्जुन गळाठून बसला तोही योग! हुम्बोल्टने श्लेगेलची बाजू घेतली आणि स्वतः "फरटीफुंग" हा जर्मन शब्द सुचवला, टीफ म्हणजे खोल, तर मन एका गोष्टीत खोल बुडणं. १८२५ आणि १८२६ मध्ये त्याने अकादमीत गीतेवर व्याख्यानं दिली, आणि १८२७ मध्ये हेगेलने त्यावर लांबलचक परीक्षण लिहिलं. हेगेलला संस्कृत येत नव्हतं आणि गीतेबद्दल तो बरंच तुसडं बोललाय, पण या एका जागी मला तो अगदी भाषांतरकाराच्या बाजूचा वाटतो. तो म्हणतो की ज्या लोकांची विचारांची घडण आपल्याहून वेगळी आहे त्यांच्या भाषेतल्या शब्दाला आपल्या भाषेत तंतोतंत तसाच शब्द मागणं हे गोष्टीच्या स्वभावाविरुद्धच आहे, आपला शब्द आपलाच अर्थ घेऊन येणार.

मग भाषेच्या बाहेर पडताच येत नाही का? हुम्बोल्ट तेवढा टोकाला जात नाही. त्याच्या मृत्यूनंतर १८३६ मध्ये आलेल्या ग्रंथात तो म्हणतो की भाषा आपल्या लोकांभोवती एक वर्तुळ आखते, आणि त्यातून बाहेर पडायचं तर दुसऱ्या भाषेच्या वर्तुळात पाय ठेवूनच पडता येतं. तेही पूर्ण नाही, जुनं थोडं बरोबर येतंच. मला हे अनुभवाने पटतं, मी जर्मन बोलताना अजूनही "तू" आणि "तुम्ही" मध्ये मराठी माप लावतो आणि समवयस्क माणसाला उगाच मान देऊन बसतो.

आता तुमच्या "भाव खाणं" या मुद्द्यावर, कारण वेल्टआनशाउंग हा शब्द पुढे नुसता भाव खाण्यापेक्षा वाईट कामाला लागला. फ्रॉइडने १९३३ च्या एका व्याख्यानात म्हटलं की हा खास जर्मन शब्द आहे आणि याचा अर्थ म्हणजे एकाच गृहीतकावर जगण्याचे सगळे प्रश्न सोडवून टाकणारी रचना, जिच्यात एकही प्रश्न उघडा राहत नाही. आणि मनोविश्लेषणाला असली काही रचना उभारायची नाही. त्याच वर्षी जर्मनीत जे सत्तेवर आले त्यांना मात्र नेमकी तीच हवी होती. हिटलरच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडातलं पहिलं प्रकरणच "वेल्टआनशाउंग आणि पक्ष" असं आहे. ड्रेस्डेनचा ज्यू प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर नाझी राजवटीची ती बारा वर्षं डायरीत त्यांचे शब्द टिपत बसला होता, १९४७ मध्ये ते पुस्तकरूपात आलं. त्याचं निरीक्षण असं की नाझींना "तत्त्वज्ञान" हा शब्द नकोसा होता, कारण त्यात विचार करणं येतं, शंका येते. "बघणं" मात्र सोयीचं, बघितलं की दिसलं, दिसलं की संपलं, वाद कशाला.

आणि तरी दोनच वर्षांनी घटना लिहिणाऱ्यांनी तोच शब्द कलम ४ मध्ये ठेवला, फक्त आता तो सरकारच्या हातात नाही, सरकारपासून वाचवायच्या यादीत आहे. त्यामुळे पुढच्या वेळी लेखात हा शब्द दिसला की "माझं" लावून बघा, आणि लेखकाला नुसतं "मत" म्हणायचं असेल तर तो खरंच भाव खातोय असं खुशाल समजा.