लटकं भांडण आणि डब्यातल्या चार पोळ्या

"सासूबाई मला 'महाराणी' म्हणतात, मी त्यांना 'सीसीटीव्ही'. घरचे पोट धरून हसतात. पण हल्ली हसून झाल्यावर काहीतरी टोचत राहतं. ही चेष्टाच आहे ना, मॅडम, की भांडण?"

हा प्रश्न मी इतक्या जणींकडून ऐकलाय की आता फक्त टोपणनावं बदलतात. कुठे 'हेडबाई', कुठे 'पाहुणी'. वरचे शब्द डोंबिवलीच्या एका नोकरदार सुनेचे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगते.

पहिल्या भेटीत मी तिला विचारलं, "घरात दोघीच असता तेव्हा काय म्हणतात त्या तुला?"

ती जरा थांबली. "दोघीच असलो की आम्ही फारसं बोलतच नाही."

मला धागा मिळाला तो तिथे. दोघींची खरी गट्टी असेल, तर चेष्टा स्वयंपाकघरात, कोणी ऐकत नसतानाही चालते. प्रेक्षक असल्याशिवाय जी रंगत नाही, ती बहुधा प्रेक्षकासाठीच असते. आपल्याकडे 'लेकी बोले सुने लागे' म्हणतात. इथे सुनेला बोलून लेकाला लावणं चाललं होतं. मी घराकडे नेहमी असंच बघते. दोघांत ताण वाढला की तिसरा ओढला जातो, आणि तो तिसरा बिचारा हसत असतो.

आठवडाभर तिला एक वही ठेवायला सांगितली. कोणती चेष्टा झाली, तेव्हा खोलीत कोण होतं आणि त्याच्या जरा आधी काय घडलं, एवढंच लिहायचं. अकरा नोंदी आल्या. नऊ रात्रीच्या जेवणाच्या, नवरा समोर असतानाच्या. सात नोंदींच्या आधी एकच गोष्ट घडलेली: तिचा डबा धुवायला पडला होता आणि सासूबाईंनी तो उघडून पाहिला होता.

पुढच्या वेळी दोघींना एकत्र बोलावलं. काकू पदर सावरून बसल्या आणि बसल्याबसल्या म्हणाल्या, "महाराणींनी तक्रार केलीय वाटतं." सून कसनुसं हसली. मी म्हटलं, "काकू, हेच वाक्य 'महाराणी' न घालता सांगा ना."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्या हलकेच म्हणाल्या, "पहाटे साडेपाचला उठून चार पोळ्या लाटते. दोन परत येतात. माझ्या हातचं आवडत नाही का गं तुला?"

"आई, मला दोनच लागतात. लग्न झाल्यापासून सांगायचं राहून गेलंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

तीन वर्षं! 'महाराणी'च्या आत एक न विचारलेला प्रश्न होता आणि 'सीसीटीव्ही'च्या आत त्याचं न दिलेलं उत्तर. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण थोडेच वाट्याला आलेत, आणि त्या दिवशी मी तोंड मिटून बसले याचं मला अजूनही बरं वाटतं.

रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली अशा नात्यांवर लिहिलंय, जिथे चेष्टा करायची मुभा असते आणि समोरच्याने ती मनाला लावून घ्यायची नाही, असा रिवाज असतो. आपल्याकडे ही मुभा दीर-वहिनीला आहे, सासू-सुनेला नाही. तिथे आब राखायचा. म्हणून मंगळागौरीतलं लटकं भांडण किंवा भोंडल्यातली सासरची टिंगल मला फार शहाणी वाटते. खिरापत वाटली की खेळ संपतो. घरातल्या चेष्टेला तसा शेवट नसतो, म्हणून ती मुरते.

तुमच्याकडे काय चाललंय हे ताडायचं असेल, तर एकदा न हसता म्हणून बघा, "आई, हे नाव मला लागतं." पुढच्या आठवड्यात ते कमी झालं, तर चेष्टाच होती. "तुला विनोदच कळत नाही" असं उत्तर येऊन ते वाढलं, तर हसण्याआड काहीतरी आहे. ते त्या दोघींच्या वेळेत बोलायचं. जेवणाच्या ताटावर नाही आणि नवऱ्याला मध्ये घालून तर नाहीच.

मात्र माहेर, रंग, मूल न होणं यांवरून बोलणं चालू असेल, तर त्याला चेष्टा म्हणायचं कारण नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात टिंगल आणि अपमानाचा, विशेषतः मूल किंवा मुलगा नसण्यावरून होणाऱ्या अपमानाचा, स्पष्ट उल्लेख आहे. तिथे वहीचा उपयोग नाही, मदत मागायला हवी.

डोंबिवलीच्या घरात आता डब्यात दोन पोळ्या जातात. 'महाराणी' गेलेली नाही, पण मध्यंतरी बहिणीकडे निघताना काकूच म्हणाल्या म्हणे, "सीसीटीव्ही दोन दिवस बंद आहे गं, काय हवं ते कर." महिन्याभराने नवऱ्याचा मला फोन आला. "मॅडम, हल्ली जेवताना कोणी काही बोलतच नाही. घरात काही बिनसलंय का?"

मी म्हटलं, "नाही. आता तुम्ही बोलायला लागा."